ला गोमेरातील शीळ: एका सुरात स्वर आणि व्यंजने कशी मावतात

प्रश्न: कॅनरी बेटांवरचे लोक शिट्टीतून चक्क स्पॅनिश बोलतात असे वाचले. पण शिट्टीत एका वेळी एकच सूर असतो. मग त्यात ‘आ’ आणि ‘ई’, किंवा ‘प’ आणि ‘त’ वेगळे कसे कळतात? की हे सगळे आधी ठरवून ठेवलेले इशारे असतात?

उत्तर:

इशारे नव्हेत. ला गोमेरा बेटावरचे ‘सिल्बो गोमेरो’ म्हणजे स्पॅनिशच आहे, फक्त ते गळ्यातल्या आवाजाऐवजी शिळेवर चढवलेले आहे. सिल्बादोर, म्हणजे शिळेतून बोलणारा माणूस, पूर्वी कधीही न वापरलेले वाक्यही शिळेतून सांगू शकतो आणि दरीच्या पलीकडे उभा असलेला जाणकार ते तोंडी स्पॅनिशमध्ये परत म्हणून दाखवू शकतो. ठरवलेल्या खुणांनी हे साधणार नाही, कारण खुणांचा साठा केव्हातरी संपतो आणि वाक्ये संपत नाहीत. मेघालयातील कोंगथोंग गावात प्रत्येक मुलाला आई एक धून देते आणि रानात त्या धुनेने त्याला हाक मारतात, हे आपल्याकडे अनेकांनी ऐकलेले आहे. ती धून त्या मुलाची ओळख असते. तिच्या तुकड्यांतून अक्षरे निघत नाहीत. सिल्बोमध्ये मात्र निघतात. स्वर ओळखू येतो तो शिळेच्या उंचीवरून; व्यंजन ओळखू येते ते त्या उंचीला दिलेल्या बाकावरून आणि मध्ये सूर तुटला की नाही यावरून; आणि कोणता स्वर किती लांबवला, कोणता खंड किती वेळ धरला, यावरून शब्दाचा आघात आणि वाक्याची जोडणी कळते.

इथे आणखी एक फरक लक्षात घ्यायला हवा. मेक्सिकोतील ओआहाका प्रांतात मासातेक लोकही शिळेतून बोलतात आणि जॉर्ज कोवन यांनी 1948 मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. पण मासातेक ही सूरभेदाची भाषा आहे, म्हणजे तिच्यात त्याच अक्षराचा सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो. त्यामुळे तिथली शीळ बोलण्यातला तो सूरच तेवढा उचलते आणि स्वर-व्यंजनांचा बराचसा तपशील सोडून देते. स्पॅनिशमध्ये सुराला असे काम नाही. म्हणून सिल्बोला दुसरी वाट धरावी लागते आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तर या दुसऱ्या वाटेत आहे.

ती वाट समजून घेण्यासाठी एक प्रयोग आत्ताच करून पाहावा. गळ्यातून आवाज न काढता, नुसते कुजबुजत, ‘ई, ए, आ, ओ, ऊ’ असे सावकाश म्हणावे. कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत, त्यामुळे बोलण्यातला नेहमीचा सूर तिथे नसतोच. तरीही ‘ई’ पासून ‘ऊ’ पर्यंत काहीतरी खाली खाली उतरत गेल्याचे कानाला स्पष्ट कळते. उतरतो तो तोंडातल्या पोकळीचा स्वतःचा नाद. प्रत्येक स्वराच्या वेळी जीभ आणि ओठ तोंडाच्या पोकळीला वेगळा आकार देतात आणि त्या आकारानुसार काही विशिष्ट वारंवारता जोरात उमटतात. ध्वनिविज्ञानात त्यांना फॉर्मंट म्हणतात. त्यांतला दुसरा फॉर्मंट जिभेच्या पुढे-मागे होण्याशी आणि ओठांच्या गोलाईशी बांधलेला असतो. ‘ई’ म्हणताना जीभ पुढे येते, तिच्या पुढची पोकळी लहान होते आणि हा नाद चढतो. ‘ऊ’ म्हणताना जीभ मागे जाते, ओठ गोल होतात, पोकळी मोठी होते आणि तो उतरतो. नळाखाली घागर भरताना पाणी वर येते तसा आतला नाद चढत जातो, त्यामागेही हेच कारण असते: उरलेली पोकळी लहान होत जाते.

शीळ घालतानाही याच पोकळीचा नाद वापरला जातो. जोराने सोडलेली हवा जीभ आणि ओठ यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीतून जाते आणि पोकळीच्या नादाशी जुळून एकाच वारंवारतेवर वाजू लागते. म्हणजे बोलताना जो दुसरा फॉर्मंट इतर अनेक घटकांत मिसळलेला असतो, तोच शिळेत एकटा, मोठ्याने आणि स्वच्छ ऐकू येतो. सिल्बादोर मनात स्पॅनिश शब्द म्हणतो, जीभ जवळपास त्या शब्दाच्याच हालचाली करते आणि त्या हालचालींची रेघ शिळेच्या चढ-उतारात उतरते. या विषयातले सगळे काही या एका गोष्टीवरून उलगडत जाते, म्हणून मी तिच्यावर थोडा रेंगाळलो.

आता स्वर पाहू. सिल्बोचा पट्टा ढोबळमानाने 1000 ते 3000 हर्ट्झ असा धरता येईल. समजण्यापुरते गोल आकडे घ्यायचे तर ‘इ’ 2500 च्या वर, ‘ए’ 2000 च्या आसपास, ‘आ’ 1500 ते 1600 आणि ‘ओ’ व ‘उ’ 1200 ते 1300 असे बसतात. हे आकडे कोणत्याही एका माणसाचे नव्हेत आणि ते पक्केही नव्हेत. कोणी बोटे घालून शीळ घालतो, कोणी नुसत्या ओठांनी. कोणाचे तोंड मोठे, कोणाचे लहान. शिवाय अंतर वाढले की पूर्ण पट्टाच थोडा वर सरकतो. ऐकणारा म्हणून हर्ट्झ ऐकत नाही, तो नाते ऐकतो: या माणसाची सर्वांत उंच जागा कोणती, सर्वांत खालची कोणती आणि आत्ताचा सूर त्या दोहोंच्या मध्ये कुठे आहे. म्हणूनच निरोपाआधीची हाक केवळ लक्ष वेधण्यासाठी नसते. त्या हाकेतल्या नावात उंच आणि नीच दोन्ही स्वर आले की ऐकणाऱ्याला बोलणाऱ्याचा पट्टा कळतो.

एकूण किती स्वर वेगळे ऐकू येतात, यावर अभ्यासकांत खरा मतभेद आहे. ग्लासगो विद्यापीठातील ध्वनिविज्ञानाचे अभ्यासक आंद्रे क्लास 1950 च्या दशकात या बेटावर गेले आणि स्पॅनिशचे बहुतेक स्वर शिळेत टिकतात असे त्यांनी मांडले. रामोन त्रुहियो यांनी 1978 मध्ये याउलट सांगितले की व्यवहारात दोनच स्वर खात्रीने वेगळे पडतात: एक उंच, ज्यात ‘इ’ आणि ‘ए’ येतात, आणि एक नीच, ज्यात ‘आ’, ‘ओ’ आणि ‘उ’ येतात. पुढे आनी रियालाँ आणि ज्युलियाँ मेयर यांनी मोजमापांच्या आधारे दाखवले की कसलेल्या सिल्बादोरच्या शिळेत ‘इ’, ‘ए’, ‘आ’ हे तीन बऱ्यापैकी अलग राहतात आणि ‘ओ’ व ‘उ’ मात्र एकमेकांत मिसळतात. माझ्या मते या दोन्ही बाजू दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत. यंत्रावर मोजले तर चार गट दिसतात. पण तीन किलोमीटरवरून, वाऱ्यात, अनोळखी शब्द ऐकताना खात्रीने काय ओळखता येईल असे विचारले तर उत्तर दोनच्या जवळ जाते. बेटावरच्या शाळांत 1999 पासून सिल्बो सक्तीने शिकवले जाते आणि 2009 मध्ये युनेस्कोने ते मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. युनेस्कोच्या त्या वर्णनातही पाच स्पॅनिश स्वरांसाठी दोन आणि व्यंजनांसाठी चार शिळा असाच हिशेब आहे.

व्यंजनांची गोष्ट अधिक सुंदर आहे, कारण व्यंजनाला स्वतःची अशी शीळ नसतेच. ‘प’, ‘त’, ‘क’ म्हणताना हवा काही काळ अडते, म्हणजे शीळ बंद पडते आणि तिथे शांतता असते. शांतता तर तिन्हींची सारखीच. मग ती ‘त’ची शांतता की ‘प’ची, हे कळते तिच्या दोन्ही काठांवरून. ‘आता’ म्हणताना पहिल्या ‘आ’ च्या शेवटी जिभेचे टोक पुढे आणि वर जाऊ लागते, म्हणून सूर बंद पडण्याआधी झपाट्याने वर वळतो. शांततेनंतर तो वरूनच सुरू होतो आणि खाली ‘आ’ च्या जागेवर येतो. ‘आपा’ म्हणताना उलटे होते: सूर बंद पडण्याआधी खाली कलतो आणि नंतर खालून वर येतो. या वळणाची दिशा हीच व्यंजनाची ओळख. दंत्य आणि वर्त्स्य व्यंजने सूर वर ओढतात; तालव्य व्यंजने, म्हणजे ‘च’, ‘य’ आणि स्पॅनिशमधला ‘न्य’, त्याला आणखी वर नेतात; ओष्ठ्य आणि कंठ्य व्यंजने तो खाली खेचतात.

इथे ओठांची अडचण समजून घ्यायला हवी. दूरवर जाणारी शीळ घालताना सिल्बादोर एका बोटाचे वाकवलेले पेर किंवा दोन बोटांची टोके तोंडात घालतो, जीभ त्यांच्याशी दाबून धरतो आणि ओठ ताणून त्यांच्याभोवती घट्ट आवळतो. दुसरा हात तो तोंडापाशी आडोशासारखा धरून शिळेला दिशा देतो. अशा स्थितीत ओठ मिटून ‘प’ म्हणणे शक्यच नसते, आणि जिभेचे टोकही अडकलेले असल्यामुळे ‘त’ नेहमीसारखा दातांवर टेकवता येत नाही. तो हवा आतूनच अडवतो आणि जिभेचा मधला भाग मागेपुढे करून त्या व्यंजनाला शोभेल असा बाक सुराला देतो. ओठांचे काम जिभेच्या मागच्या भागाकडे आल्यामुळे ‘प’ आणि ‘क’ यांचा बाक जवळपास एकच होतो. सिल्बोमध्ये ही जोडी एकमेकांत मिसळते ती या कारणाने.

दुसरी खूण म्हणजे सूर तुटतो की अखंड राहतो. स्पॅनिशमध्ये दोन स्वरांच्या मधले ‘ब’, ‘द’, ‘ग’ आपल्यासारखे घट्ट उच्चारत नाहीत. तिथे जीभ किंवा ओठ नुसते जवळ येतात, टेकत नाहीत, आणि हवा वाहत राहते. म्हणून शिळेतही ‘आदा’ मध्ये सूर वर चढतो आणि न तुटता खाली येतो, तर ‘आता’ मध्ये त्याच चढाच्या टोकावर खंड पडतो. ‘न’, ‘ल’ आणि दोन्ही प्रकारचे ‘र’ हेही असेच अखंड राहतात. ‘स’ आणि ‘फ’ सारख्या घर्षणाच्या व्यंजनांतला फुसकारा शिळेत उमटू शकत नाही. तिथे सूर तुटतो आणि ‘स’ हा ‘त’ च्या बाजूला, ‘फ’ हा ‘प’ च्या बाजूला जाऊन बसतो. चढ की उतार, आणि तुटक की अखंड, या दोन प्रश्नांतून त्रुहियो यांचे चार गट तयार होतात: चढता तुटक गट, ज्यात त, च, स येतात; चढता अखंड गट, ज्यात द, न, ल, र, य आणि न्य येतात; उतरता तुटक गट, ज्यात प, क, फ येतात; आणि उतरता अखंड गट, ज्यात ब, म, ग येतात.

मात्र बाक किती मोठा पडेल हे शेजारच्या स्वरावर अवलंबून असते आणि नव्याने ऐकणारे इथेच सर्वांत जास्त फसतात. ‘आ’ पट्ट्याच्या मध्याखाली असल्यामुळे ‘आता’ मधला चढ मोठा आणि ठसठशीत असतो. ‘इ’ आधीच वर असतो; ‘इति’ मध्ये सुराला चढायला जागाच उरत नाही, म्हणून तिथे जवळजवळ सपाट रेघ आणि मध्ये एक खंड एवढेच ऐकू येते. याच कारणाने ‘इपि’ मध्ये उतार फार स्पष्ट असतो, आणि ‘ओपो’ मध्ये तो जवळपास नसतो, कारण ‘ओ’ आधीच तळाशी असतो. म्हणजे ‘इ’ च्या शेजारी सपाट खंड ऐकू आला तर तो बहुधा ‘त’, आणि ‘ओ’ च्या शेजारी सपाट खंड ऐकू आला तर तो बहुधा ‘प’ किंवा ‘क’. व्यंजन एकटे ऐकून कधीच कळत नाही. त्याच्या दोन्ही बाजूंचे स्वर धरूनच ते वाचावे लागते.

एक पूर्ण शब्द घेऊन हे पाहू. ला गोमेराच्या उंच भागात चिपूदे नावाचे गाव आहे आणि त्याचे नाव या कामासाठी फार सोयीचे आहे, कारण त्यात पट्ट्याचे वरचे आणि खालचे दोन्ही टोक येतात. शीळ अगदी वरून, 3000 च्या जवळून, सुरू होते. हा ‘च’ चा तालव्य आरंभ. तिथून ती किंचित उतरून ‘इ’ वर, 2600 च्या आसपास, क्षणभर टेकते. हा ‘इ’ आघातहीन असल्यामुळे छोटा असतो. लगेच सूर तीव्र उताराला लागतो आणि उतरता उतरता तुटतो: हा ‘प’. खंडानंतर तो तळाशी, 1200 च्या जवळ, उगवतो आणि तिथे लांबतो, कारण या शब्दाचा आघात ‘पू’ वर आहे. पूर्ण शब्दात सर्वांत लांब सपाट रेघ हीच. मग सूर न तुटता झपाट्याने वर जातो, ‘ए’ च्या पातळीच्याही थोडा वर शिवतो आणि 2000 वर येऊन स्थिरावतो: वर शिवलेले ते टोक म्हणजे ‘द’, आणि स्थिरावलेली रेघ म्हणजे शेवटचा ‘ए’. या रेघेत काय सांगितले गेले नाही तेही पाहावे. ‘प’ च्या जागी ‘क’ असता तरी आकृती अशीच दिसली असती, आणि ‘द’ च्या जागी ‘ल’, ‘न’ किंवा ‘र’ असता तरीही फारसा फरक पडला नसता. पण चिकूदे, चिपूले किंवा चिपूने नावाचे गाव ऐकणाऱ्याच्या माहितीत नाही, त्यामुळे त्याला क्षणाचाही संशय येत नाही.

कालावधीबद्दल सहसा कमी बोलले जाते. सिल्बो तोंडी बोलण्यापेक्षा संथ असते आणि अंतर वाढले की ते आणखी संथ होते. पण ते सगळीकडे सारखे ताणले जात नाही. लांबतात ते मुख्यतः स्वरांचे सपाट भाग, त्यातही आघाताचे आणि वाक्याच्या तुकड्याच्या शेवटी येणारे. स्वर आणि व्यंजन यांच्यामधले वळण मात्र झटपटच राहावे लागते. याचे कारण सरळ आहे. ‘आता’ मधला चढ सावकाश केला तर ऐकणाऱ्याला तो चढ न वाटता एक नवा स्वर वाटतो आणि त्याला ‘आया’ किंवा ‘आइआ’ सारखे काहीतरी ऐकू येते. म्हणजे सूर कुठे वळला एवढेच पुरत नाही, तो किती वेगाने वळला यावर ते वळण स्वरात जमा होईल की व्यंजनात हे ठरते. शिकणाऱ्यांच्या शिळेत हाच दोष वारंवार दिसतो: त्यांच्या उंच्या बरोबर असतात, पण ते एका उंचीवरून दुसरीकडे गाण्यातल्या मींडेसारखे घरंगळत जातात, आणि व्यंजने विरघळून जातात.

खंडाची लांबीही अशीच जपावी लागते. समोरासमोर बोलताना ‘प’ किंवा ‘त’ ची अडवणूक साधारण सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास असते. बेटावरच्या खोल दऱ्यांत, ज्यांना तिथे बारांको म्हणतात, समोरच्या कड्यावरून येणारा प्रतिध्वनी एवढ्याशा खंडात सहज भरतो आणि तुटक व्यंजन अखंड ऐकू येते; ‘त’ चा ‘द’ होतो. म्हणून अनुभवी माणूस अशा जागी खंड थोडा जास्त धरतो. तो फार जास्त धरला तर तिथे शब्द संपला असे वाटू लागते, म्हणून दोन शब्दांमधली शांतताही त्याच प्रमाणात वाढवावी लागते. आघातासाठी मात्र लांबी हीच मुख्य खूण राहते, कारण सुराची उंची स्वर दाखवण्यात आधीच गुंतलेली असते. प्रश्नाचा चढता हेल काढायला तिथे जागा फारच कमी उरते. तोंडी स्पॅनिशमध्ये जो प्रश्न नुसत्या हेलाने विचारता येतो, तो शिळेत प्रश्नार्थक शब्द घालून विचारणे सुरक्षित ठरते.

इतकी व्यंजने एकमेकांत मिसळत असतील तर हे चालते कसे, हा पुढचा प्रश्न साहजिक आहे. स्पॅनिशमध्ये कादा म्हणजे प्रत्येक, काला म्हणजे समुद्राची लहान खाडी, काना म्हणजे पांढरा केस आणि कारा म्हणजे चेहरा. शिळेत हे चारही शब्द जवळपास एकच आहेत: उतरत्या बाजूचा आरंभ, मधला सूर, न तुटणारा चढ, पुन्हा मधला सूर. ‘गप्प बस’ या अर्थाचा काया आणि वेत किंवा बोरू या अर्थाचा कान्या यांच्यात चढ जरा अधिक उंच जातो, म्हणून शांत हवेत आणि कमी अंतरावर हे दोन पहिल्या चारांपासून वेगळे काढता येतात. एकमेकांपासून मात्र नाही. हे सुटे शब्द कोणी कोणाला ओळखायला लावले तर बेटावरचा जाणकारही चुकेल. पण कोणी दरीपलीकडे नुसता ‘चेहरा’ असा निरोप पाठवत नाही. निरोप माहितीतल्या माणसांविषयी, शेळ्यांविषयी, वाटेविषयी असतो. आधी ज्याला सांगायचे त्याचे नाव घेतात, तो उलट शीळ देईपर्यंत थांबतात, मग निरोप सांगतात, आणि ऐकणारा शंका आलेला तुकडा परत वाजवून खात्री करून घेतो. संदिग्ध शब्द टाळून दुसऱ्या शब्दांत सांगणे हाही कौशल्याचाच भाग आहे.

तुम्हाला हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर सिल्बोचे एखादे रेकॉर्डिंग Praat या मोफत प्रणालीत उघडावे. तिची मूळ मांडणी तोंडी बोलण्यासाठी असते, त्यामुळे दोन गोष्टी बदलाव्या लागतात. वर्णपटाच्या मांडणीत Window length 0.005 सेकंद असते ती 0.02 करावी, म्हणजे शीळ जाड पट्ट्याऐवजी बारीक रेघ म्हणून दिसते. आणि View range 0 ते 4000 हर्ट्झ ठेवावी. सुराचा आपोआप शोध लावायचा असेल तर त्याची वरची मर्यादा काही हजारांपर्यंत वाढवावी लागते, कारण मूळ मर्यादा माणसाच्या गळ्यातल्या आवाजाच्या मानाने ठेवलेली असते आणि ती तशीच राहिली तर शिळेच्या जागी अर्थहीन आकडे मिळतात. रेघ दिसू लागली की आधी सपाट भाग शोधून ते स्वर म्हणून टिपावेत, मग त्यांच्या काठांवरची वळणे पाहावीत. दुरून केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये वळणाची टोके हटकून गळालेली दिसतात. शीळ थांबण्याच्या बेतात असताना तिचा जोर कमी होतो, त्यामुळे सर्वांत आधी वाऱ्यात बुडतो तो नेमका व्यंजन ओळखवणारा भाग. अशा रेकॉर्डिंगवरून ‘इथे ‘प’ आणि ‘त’ मध्ये फरकच नाही’ असा निष्कर्ष काढू नये. सिल्बादोरच्या जवळ ठेवलेल्या मायक्रोफोनचे रेकॉर्डिंग मिळवून त्याच्याशी ताडून पाहावे.

आपल्या मनात मराठीचा विचार येतोच, म्हणून तेवढे सांगतो. ‘ई, ए, आ, ओ, ऊ’ ही उतरती रांग मराठीतही तशीच आहे, तेव्हा स्वरांची अडचण पडू नये. ‘ओ’ आणि ‘ऊ’ इथेही एकमेकांत मिसळतील. व्यंजनांत मात्र आपले नुकसान स्पॅनिशपेक्षा जास्त होईल. प, फ, ब, भ यांतला घोष-अघोष भेद गळ्यातल्या कंपनावर उभा आहे आणि शिळेत गळा कंप पावत नाही. महाप्राणातला हवेचा झोतही उमटत नाही. स्पॅनिशमध्ये ‘ब’ सैल असल्यामुळे तो अखंडतेवरून तरी ‘प’ पासून सुटतो. मराठीत आपण ‘आबा’ मधला ‘ब’ ओठ पुरते मिटून म्हणतो, म्हणून तिथेही सूर तुटेल आणि चौघे एकाच जागी येतील. ‘त’ आणि ‘ट’ यांचे बोलण्यातले वेगळेपण मुख्यतः तिसऱ्या फॉर्मंटच्या उतरण्यात असते, आणि शीळ दुसऱ्याचीच रेघ काढते, त्यामुळे मूर्धन्य वर्गही दंत्य वर्गापासून सुटणे अवघड आहे. ‘पाटी’, ‘पाठी’, ‘काठी’ आणि ‘खाती’ शिळेत वेगळे ठेवायचे तर त्यांच्याभोवतीच्या वाक्यालाच ते काम करावे लागेल.